फास सुटू नये म्हणून

टुवालाला बोट लावून पाहा. त्यावर दोऱ्याचे बारीक फास उभे असतात. असेच फास साध्या कापडावर हाताने उभे करता येतात. त्यासाठी एक पोकळ सुई मिळते. तिला पंच सुई म्हणतात. दोरा मुठीतून आत जातो, नळीतून खाली उतरतो आणि टोकाजवळच्या भोकातून बाहेर येतो. ताणलेल्या कापडात ही सुई वरून टोचायची. दर टोचणीला कापडाखाली एक फास पडतो. वर मात्र धावदोऱ्यासारखे सपाट टाके दिसतात.

नक्षी दिसते ती खालच्या बाजूला. म्हणून अक्षरे काढायची तर उलटी काढावी लागतात. आम्ही पहिल्यांदा 'श्री' सरळच काढला. तो आरशात पाहावा तसा उमटला!

आमच्या शेजारच्या काकूंनी लोकरीचे एक आसन भरायला घेतले. कापड जाड दोसुतीचे होते. दहा दिवस त्या खपल्या. एके दिवशी नातवाने लोकरीचे एक टोक धरून ओढले. सरसर करीत अख्खी ओळ उसवली.

"अगं बाई, सगळंच जातंय की काय आता!" काकू म्हणाल्या.

आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांचा हात पाहिला.

या कामात कुठेही गाठ नसते. मग फास धरून कोण ठेवतो? कापडाचे उभे-आडवे दोरेच त्याला चिमटीत धरतात. जमिनीत ठोकलेली खुंटी भोवतीची माती धरते, तसेच हे. खुंटी बारीक आणि खड्डा मोठा, तर ती हलणारच. म्हणून सुई मोठी आणि दोरा बारीक असे जमत नाही. लोकर सुईच्या नळीतून सहज सरकावी, पण सुईने पाडलेले भोक तिने भरून काढावे. कापडाची वीणही फार विरळ नको. काकूंची लोकर आणि कापड, दोन्ही ठीक होती.

चूक चौकटीत होती. कापड सैल पडले होते. सुई टोचली की कापड तिच्याबरोबर खाली दबे. सुई पुरती आरपार जात नसे. मग फास कुठे लहान, कुठे मोठा. कापड इतके ताणावे, की टिचकी मारली तर डफासारखे वाजावे. काम करता करता ते पुन्हा सैल होते. म्हणून मधून मधून टिचकी मारून पाहावी.

दुसरी चूक हाताची. काकू टाका घातला की सुई चांगली दोन बोटे वर उचलत. त्याने दोरा ताणला जाई आणि मागचा फास वर ओढला जाई. सुई वर घेताना तिचे टोक कापडाला घासतच पुढे सरकले पाहिजे. सुईची उघडी बाजू आपण जिकडे जातो तिकडे असावी. वळायचे झाले तर हात वाकडा करू नये, चौकट फिरवावी.

आणि लोकरीचा गुंडा? तो काकूंच्या मांडीखाली दबला होता! दोरा अडला की नवा फास पडतच नाही, किंवा पडलेला ओढून निघतो. दर थोड्या वेळाने हातभर लोकर मोकळी सोडून ठेवावी.

आता उंचीचे. फासाची उंची सुईच्या लांबीवर ठरते. पण सुई दर वेळी मुठीपर्यंत टेकली तरच सगळे फास सारखे होतात. फास लहान हवा असेल तर सुई अर्धी टोचू नये. हाताचा अंदाज टिकत नाही. सुईवर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवावा. तुकडा अर्ध्या इंचाचा असेल, तर फासही सुमारे अर्धा इंच कमी होतो. बसायच्या आसनाला आखूड फास बरे. उंच फास दिसायला मऊ, पण पायाच्या बोटात आणि बांगडीत अडकतात.

काकूंची उसवलेली ओळ आम्ही पूर्ण काढली. भोके मोठी दिसत होती. नखाने कापड आडवे-उभे घासले, तसे दोरे जागेवर आले आणि भोके मिटली. मग पुन्हा टोचले, टाके जवळ जवळ घेऊन. शेजारचे फास एकमेकांना टेकले की तेही परस्परांना धरतात. पण फार दाटी केली तर कापड फुगते आणि आसन सपाट बसत नाही. दोऱ्याची सुटी टोके फासांच्या बाजूला ढकलली आणि फासांच्या उंचीला कापली. नातवाला धरायला काही उरले नाही.

शेवटी सपाट बाजूला पांढरा डिंक बोटाने पातळ पसरला. डिंक फासांच्या बाजूला झिरपू देऊ नये, लोकर कडक होते. साधा डिंक पाण्याने सुटतो. म्हणून आसन बादलीत बुडवून धुवायचे नाही, झटकून उन्हात टाकायचे. रात्रभर डिंक वाळू दिला. सकाळी कापड चौकटीतून सोडवले, आणि काकूंनी मागून जुन्या लुगड्याचे अस्तर शिवून टाकले.