पोटॅशियम वाढलंय? आधी नळीला विचारा

दवाखान्यात नव्याने रक्त घ्यायला लागलेल्या मुलामुलींना मी एकच सांगते: सगळ्या तपासण्या एकदम शिकायला जाऊ नका, आधी पोटॅशियम समजून घ्या. सुई कशी मारली, नळी कोणती होती, सॅम्पल किती वेळ पडून राहिलं, याची चहाडी पोटॅशियमइतकी दुसरं कोणी करत नाही. कारण साधं आहे. सिरममध्ये ते असतं साधारण ३.५ ते ५. तांबड्या पेशींच्या आत मात्र त्याच्या पंचवीस-तीस पट. पेशी फुटली किंवा गारठली की आतला साठा बाहेर येतो, आणि मशीनला तो कुठून आला हे कळत नाही. मशीन आकडा छापून मोकळं होतं. तिकडे रिपोर्टवर ६ च्या वरचा आकडा दिसला की डॉक्टरांना पेशंटच्या हृदयाची काळजी लागते, आणि ती लागायलाच हवी.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पेशी फुटल्याने, ज्याला आपण हिमोलिसिस म्हणतो. रक्त गोठून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर आलेलं सिरम गवती पिवळं दिसायला हवं. ते कोकम सरबतासारखं लालसर दिसलं की पेशी फुटल्या, असं खुशाल समजा. त्या सॅम्पलचं पोटॅशियम खोटं वाढणार, एलडीएच त्याहून जास्त वाढणार, एसजीओटीही चढणार. कावीळ नसलेल्या माणसाच्या लिव्हरबद्दल मग उगाच शंका निघतात.

पेशी फुटतात कुठे? बहुतेक वेळा तुमच्या हातात. स्पिरिट वाळायच्या आत सुई घातली की फुटतात. शीर बारीक आहे म्हणून २६ नंबरची सुई घेतली आणि दट्ट्या जोरात ओढला की फुटतात. सलाईनसाठी लावलेल्या कॅन्युलातून ओढलं तरी फुटतात. पण मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक वेगळीच: रक्त सिरिंजमध्ये छान आलेलं असतं, आणि मग सुई न काढता, अंगठ्याने दाबून, त्याच बारीक भोकातून ते नळीत पिचकारीसारखं मारतात. येताना वाचलेल्या पेशी जाताना मरतात. सुई काढून शार्प्सच्या डब्यात टाका, नळीचं टोपण उघडा, सिरिंजचं तोंड नळीच्या आतल्या भिंतीशी धरा आणि रक्त हळूच घरंगळू द्या. नळी वर-खाली करायची ती मनगटाने, सावकाश, आठ-दहा वेळा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवायची नाही.

दंडाला पट्टा बांधून पेशंटला "मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा" असं सांगायची सवय जुनी आहे. ती सोडा. मुठीच्या या व्यायामाने स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात येतं आणि आकडा एक-दीडने चढू शकतो. इथे सिरम स्वच्छ पिवळं दिसतं, त्यामुळे लॅबमध्ये कोणालाच संशय येत नाही. मूठ एकदा हलकी मिटवा, पट्टा मिनिटभराच्या आत सोडा.

आता एक केस सविस्तर सांगते, कारण असा रिपोर्ट कधी ना कधी तुमच्या टेबलावर येणार. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टनची गोळी चालू, नेहमीच्या तपासणीला आलेले. रिपोर्ट आला: पोटॅशियम ७.४. गोळीमुळे पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून सगळ्यांना ते पटलंही. नातेवाइकांना ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या असं सांगायची तयारी झाली. पण पेशंट समोर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. क्रिएटिनिन १.१, म्हणजे किडनीही ठीक.

अशा वेळी त्याच कागदावर खाली बघायचं. कॅल्शियम होतं ५.१. नॉर्मल साडेआठ ते साडेदहा असतं. इतकं कमी कॅल्शियम खरं असतं तर त्या माणसाच्या बोटांना मुंग्या आल्या असत्या, हातापायाला वांब आले असते. अल्कलाईन फॉस्फेटेज होतं २८, तेही फार खाली. पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, फॉस्फेटेज खाली: हे त्रिकूट दिसलं की ते जांभळ्या नळीचं काम. जांभळ्या नळीत ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमचा क्षार म्हणून भरलेलं असतं. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं म्हणूनच त्या नळीत रक्त गोठत नाही. फॉस्फेटेजला चालायला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही ते पळवतं.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जांभळी नळी आधी भरली होती, लाल नळीत रक्त कमी पडलं, म्हणून जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं. सद्हेतूनेच केलं होतं, पेशंटला दुसऱ्यांदा टोचायला नको म्हणून. दुसऱ्या हातातून, फक्त लाल नळीत पुन्हा रक्त घेतलं. पोटॅशियम ४.४, कॅल्शियम ९.३, फॉस्फेटेज ८२. माणूस रिक्षाने घरी गेला. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून पोटॅशियम उतरवायचं इन्शुलिन दिलं असतं तर एका धडधाकट माणसाची साखर आणि पोटॅशियम दोन्ही धोक्याच्या खाली गेली असती.

एका नळीतलं रक्त दुसरीत कधीही ओतायचं नाही, मग रक्त कितीही कमी पडो. आणि नळ्या भरायचा क्रम पाळायचा: कल्चरची बाटली असेल तर ती पहिली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी साखरेची करडी. सिरिंजचं तोंड जांभळीच्या आतल्या औषधाला लागून मग लालमध्ये गेलं तरी थोडी भेसळ होते. अशी थोडी भेसळ जास्त फसवी, कारण पोटॅशियम ५.६ वगैरे येतं आणि कॅल्शियम जेमतेमच उतरतं. करडीतही बऱ्याच कंपन्या फ्लोराइडबरोबर पोटॅशियम ऑक्झलेट घालतात, म्हणून तीही शेवटीच. निळीबद्दल एवढंच: ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. औषध १ भाग आणि रक्त ९ भाग हे माप ठरलेलं आहे. रक्त कमी पडलं तर आयएनआर उगाच वाढतो आणि कोणाची तरी रक्त पातळ करायची गोळी विनाकारण कमी होते.

आता उशिराचं. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी आठला रक्त घेतात आणि कलेक्शनचा मुलगा दुपारी एकला येतो. मधल्या वेळात लाल नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या म्हणजे टिकल्या, असा समज घट्ट बसलाय. भाजी टिकते, न फिरवलेलं रक्त टिकत नाही. तांबड्या पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, जो पोटॅशियम सतत आत ओढून ठेवतो. गारठ्यात तो पंप बंद पडतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेली नसते, म्हणून सिरम स्वच्छ दिसतं. मशीनचा हिमोलिसिसचा इंडेक्सही काही बोलत नाही. या खोटेपणाचा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे नळीवर लिहिलेली रक्त घेतल्याची वेळ. ती लिहिलेली नसली की लॅबवाला आंधळा. नाव आणि तारखेबरोबर वेळ लिहाच, आणि लिहायची ती रक्त घेतल्याची, मुलगा आला तेव्हाची नव्हे.

बाहेर टेबलावर ठेवलं तर साखर जाते. पेशी जिवंत असतात, त्या खात बसतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर संपते. सकाळी आठला १२८ असलेली उपाशीपोटीची साखर दुपारपर्यंत १०० च्या आत दिसू शकते आणि मधुमेह लपतो. करडी नळी हे थांबवते, पण तीही पहिल्या एक-दोन तासांत थोडी गळती होऊ देते. उपाय दवाखान्यातच आहे. रक्त अर्धा तास उभ्या नळीत गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवा आणि दोन तासांच्या आत सिरम वेगळं करून मग फ्रिजमध्ये ठेवा. गोठायच्या आधी घाईने फिरवलं तर सिरममध्ये तंतू राहतात आणि मशीनची नळी तुंबते. सेंट्रिफ्यूज नसेल तर पोटॅशियमच्या पेशंटला थेट लॅबमध्ये पाठवा, ते बरं.

दुधाळ सिरम, म्हणजे लायपिमिया, ही वेगळी गोष्ट. इथे पोटॅशियमपेक्षा सोडियम खोटं बोलतं. सिरममधली बरीचशी जागा चरबीनेच व्यापलेली असते. मोठी मशीनं सिरम आधी पातळ करून मोजतात, त्यामुळे सोडियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं. ब्लड गॅसच्या मशीनवर न पातळ करता मोजलं तर खरं कळतं. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन उगाच वाढतं आणि एमसीएचसी ३६ च्या वर जातो. तो आकडा दिसला की नळी उजेडात धरून बघा. पेशंट जेवून आला असेल तर बारा तासांच्या उपासाने पुन्हा बोलवा. पण उपाशीपोटीही सिरम दुधाळच असेल तर "सॅम्पल खराब" म्हणून फेकू नका. ट्रायग्लिसराइड खरंच हजारांत असू शकतात आणि त्याने स्वादुपिंडाला सूज येते. डॉक्टरांना त्या क्षणी सांगा.

हाच नियम लाल सिरमलाही. काळजीपूर्वक, दुसऱ्या हातातून घेतलेलं रक्तही पुन्हा लाल आलं तर पेशी पेशंटच्या अंगातच फुटत असतील: रक्त चढवताना गट चुकला असेल, किंवा साप चावला असेल. लघवीचा रंग विचारा आणि लगेच कळवा.

एक गोष्ट मात्र फार कमी जण लक्षात घेतात. हिमोलिसिस नॉर्मल आकडाही बनवतं. उलट्यांनी गळालेल्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटचं खरं पोटॅशियम २.९ असेल, तर लालसर सिरममध्ये ते ३.९ येतं आणि कागदावर कोणी खूण करत नाही. म्हणून लाल सिरमचा आकडा नॉर्मल आला तरी तो धरू नका, आणि अंदाजाने एक वजा करून खरा आकडा काढायचा प्रयत्नही करू नका. किती पेशी फुटल्या आणि त्यांत किती होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुन्हा सॅम्पल पाठवताना फॉर्मवर एवढं लिहा: रिपीट, कोणत्या हातातून, किती वाजता, सलाईन चालू आहे की नाही. आणि ७ चा आकडा नळीमुळे आला असेल असं वाटलं तरी दुसरा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटला घरी सोडू नका. आधी ईसीजी, मग बाकीचं.