मुलाखतीनंतर नकार कळवताना : एका मेसेजचा अभ्यास



उपयोजित लेखनात आपण अर्ज लिहायला शिकवतो. अर्जाला येणारं उत्तर मात्र कुठे शिकवत नाही. मे महिन्यात लहान स्वयंअर्थसहाय्यित शाळांमध्ये मुलाखती होतात. एका जागेसाठी पाच-सहा जणांना बोलावलं जातं आणि एकाची निवड होते. मग मुख्याध्यापक मुलाखत समितीतल्या एखाद्या शिक्षकाला सांगतात, "बाकीच्यांना तुम्ही मेसेज टाकून द्या, तुमचं मराठी चांगलं आहे." हा मेसेज कसा लिहायचा, ते आज एका उदाहरणातून पाहू.

बऱ्याचदा तो लिहिलाच जात नाही. मुलाखत संपताना "कळवतो" म्हटलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. लग्नाच्या बोलणीत "कळवतो" म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नोकरीच्या बाबतीत समोरची व्यक्ती खरंच वाट पाहते. १५ जूनच्या आसपास शाळा सुरू होणार असते. तिला कदाचित दुसऱ्या शाळेनेही बोलावलेलं असतं, तिथे पगार दोन हजारांनी कमी असतो आणि ती त्यांना "दोन दिवसांत सांगते" म्हणून थांबवत असते. आपलं उत्तर आठ दिवस उशिरा गेलं, तर तिच्या हातून ती जागाही जाऊ शकते. म्हणून निवडलेल्या उमेदवाराचा पक्का होकार आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाकीच्यांना कळवावं. होकाराआधी मात्र घाई करू नये, कारण निवडलेली व्यक्ती नाही म्हणाली तर आपल्यालाच पुन्हा दार ठोठवावं लागतं.

आता उदाहरण घेऊ. सहशिक्षकाची एक जागा आहे. २४ मे रोजी मुलाखत आणि दुसरीच्या मुलांसमोर नमुना पाठ झाला. एका ताईंनी हातच्याची बेरीज छान घेतली. पण शाळेला पहिली-दुसरीला इंग्रजीही शिकवू शकेल असं कोणी हवं होतं, त्यामुळे दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. अशा वेळी साधारण असा मेसेज जातो :

"आपण आमच्या संस्थेत मुलाखतीसाठी आलात याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली शैक्षणिक पात्रता व अध्यापन कौशल्य अतिशय प्रभावी आहे. तथापि काही कारणास्तव सध्या आपली निवड होऊ शकली नाही. भविष्यात संधी उपलब्ध झाल्यास आपला नक्की विचार केला जाईल."

वाचायला गोड आहे, पण यातले शब्द नीट तपासा. "सध्या" म्हटलं की पुढे कधीतरी होईल, असा अर्थ निघतो. "होऊ शकली नाही" या रचनेत निर्णय कोणी घेतला तेच दिसत नाही. जणू आपली इच्छा होती, पण काहीतरी आडवं आलं! व्याकरण शिकवणाऱ्या आपल्याला हा फरक चटकन कळायला हवा. "काही कारणास्तव" वाचून माणूस रात्रभर कारणं शोधत बसतो. "कौशल्य अतिशय प्रभावी" असेल, तर मग घेतलं का नाही, हा प्रश्न उरतोच. आणि "नक्की विचार केला जाईल" हे वाक्य लिहिणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. वाचणारी मात्र दिवाळीनंतर फोन करून विचारते, "मॅडम, जागा निघाली का?"

आणखी एक गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतो तेव्हा, तो उघडण्याआधी स्क्रीनवर फक्त सुरुवातीच्या एक-दोन ओळी दिसतात. तिथे आभार आणि कौतुक दिसलं की ती व्यक्ती आनंदाने मेसेज उघडते, घरच्यांना हाक मारते आणि मग तिसरी ओळ वाचते. म्हणून निर्णय दुसऱ्या वाक्यातच यायला हवा. कौतुक करायचं असेल तर ते नंतर.

तोच मेसेज असा लिहिता येईल :

"नमस्कार (नाव) ताई,
२४ मेच्या सहशिक्षक पदाच्या मुलाखतीबद्दल लिहीत आहे. या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, आपली निवड झालेली नाही. जागा एकच होती, ती भरली आहे. प्रतीक्षा यादी ठेवलेली नाही. पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवण्याचा अनुभव आम्हाला हवा होता, त्यावर निर्णय झाला. आपण दहा काड्यांचा गठ्ठा बांधून हातचा दाखवलात, तो मुलांना लगेच समजला. आपल्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स १० जूनपर्यंत शाळेतून परत नेता येतील, त्यानंतर आम्ही त्या फाडून टाकू. आपण तयारी करून आलात, त्याबद्दल आभार.
– (नाव), मुख्याध्यापिका"

"आम्ही निवड केली आहे" म्हटल्यामुळे निर्णयाची जबाबदारी आपल्याकडे राहते. "जागा भरली आहे, प्रतीक्षा यादी नाही" हे वाक्य कोरडं वाटेल, पण सगळ्यात उपयोगी तेच आहे. ते वाचून ती ताई त्याच संध्याकाळी दुसऱ्या शाळेला होकार देऊ शकते. कौतुकाचं एकच वाक्य आहे आणि ते प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीचं आहे. सांगण्यासारखं काही आठवत नसेल, तर ते वाक्य गाळावं.

कारणाच्या बाबतीत जरा थांबून विचार करावा लागतो. कारण द्यायचं तर खरंच द्यायचं. पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ नाकारतात, तसं "अनुभव कमी पडला" हे सोयीचं कारण असतं. पण निवडलेली व्यक्तीही नुकतीच डी.एड. झालेली असेल, तर गावात ते चार दिवसांत कळतं. किंवा ती ताई ते खरं मानून कमी पगारावर एक वर्ष "अनुभव" घ्यायला जाते. खरं कारण सांगण्यासारखं नसेल, संस्थाचालकांच्या ओळखीतलं कोणी घेतलं असेल, तर कारणाचं वाक्यच लिहू नये. निर्णय तेवढा स्पष्ट कळवावा. (आणि लग्न किंवा लहान बाळ हे कारण असेल, तर चूक निवडीतच आहे. ती मेसेजच्या भाषेने झाकत नाही.) आवाज बारीक होता, वर्ग आवरला नाही, अशा गोष्टी मेसेजमध्ये नकोत. त्यांनी विचारलं तरच फोनवर सांगाव्यात.

प्रतीक्षा यादी खरोखर असेल, तर तीही तितकीच स्पष्ट सांगावी : "आपण प्रतीक्षा यादीत पहिल्या क्रमांकावर आहात. ५ जूनपर्यंत नक्की काय ते कळवू. तोपर्यंत दुसरीकडे संधी आली तर आमच्यासाठी थांबू नका." आणि ५ जूनला मेसेज करायचाच, उत्तर "नाही" असलं तरी.

मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवावा. सगळ्यांचा ग्रुप करून टाकला, तर कोणाकोणाला नाकारलं ते सर्वांना दिसतं, शिवाय सगळ्यांचे नंबरही. नावाचं स्पेलिंग आणि आडनाव अर्जावरून तपासून घ्यावं. एकाचा मेसेज दुसऱ्याला पाठवताना आधीचंच नाव राहून जातं, हे फार होतं. रात्री दहानंतर पाठवू नये.

यावर उत्तर येतंच. बहुतेक जण "ठीक आहे, धन्यवाद" लिहितात, त्याला नमस्कार पुरे. कोणी विचारतं, "मॅडम, माझं नेमकं काय कमी पडलं?" तेव्हा आपण लगेच विरघळतो आणि "तुमचं काहीच कमी नव्हतं हो, पुढच्या वर्षी बघू" असं लिहून बसतो. दुसऱ्या वाक्यात स्पष्ट केलेलं सगळं तिथे पुसलं जातं. त्याऐवजी असं लिहिता येईल : "इंग्रजीच्या अनुभवावर निर्णय झाला, तो बदलणार नाही. नमुना पाठाबद्दल बोलायचं असेल तर उद्या ४ नंतर फोन करा, दहा मिनिटं बोलू." फोन आला, तर मुलाखतीच्या दिवशी केलेल्या नोंदींचा कागद समोर ठेवूनच बोलावं.