दूरचित्रवाणीच्या चौकटीबाहेर राहिलेले चित्र

वृत्तवाहिनीच्या तळाशी धावणारी पट्टी पुष्कळ संचांवर खालून कापलेली दिसते. इंग्रजी अक्षरे अर्धवट कापली तरी ओळखू येतात. देवनागरीचे तसे नाही. आपले उकार अक्षराच्या पायाशी असतात. ते कापले गेले की ‘पूर’चा ‘पर’ होतो, ‘मुळशी’ची ‘मळशी’ होते. पावसाळ्यात पुराच्या सूचना याच पट्टीत येतात, म्हणून या दोषाचा थोडा अभ्यास करावा असे मला वाटले.

प्रथम कारण पाहू. जुन्या संचांत काचेची पिक्चर ट्यूब असे. विजेचा दाब कमीजास्त झाला की चित्राचा आकारही थोडा आक्रसे वा फुगे. कडेला काळी फट दिसू नये म्हणून चित्र मुद्दामच पडद्यापेक्षा थोडे मोठे पाडीत. या पद्धतीस ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. आजच्या सपाट पडद्याला तिची गरज उरलेली नाही, तरीही अनेक संचांत ती सवय मूळ सेटिंग म्हणून टिकून आहे.

आमच्या वसतिगृहातील संच १९२० बिंदू रुंद व १०८० ओळी उंच अशा चित्राचा आहे. किती भाग कापला जातो हे पाहण्यासाठी मी लॅपटॉपवर त्याच मापाचे चित्र काढले आणि चारी कडांपासून दर दहा बिंदूंवर एकेक क्रमांकित रेघ ओढली. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय तार काढून त्याच जागी लॅपटॉप जोडला. डावीउजवीकडे १० ते ४० पर्यंतच्या रेघा दिसेनात, ५० ची दिसली. वरखाली १० व २० च्या गेल्या, ३० ची राहिली. प्रत्येक कडेला अडीच टक्के कापले जाते असे धरले, तर बाजूला ४८ बिंदू आणि वरखाली २७ ओळी येतात. हिशेब मोजणीशी जुळला. साठ ओळी उंचीची पट्टी अगदी तळाला टेकलेली असेल, तर तिचा जवळजवळ निम्मा भाग असा जातो.

उपाय रिमोटवरच असतो. चित्राच्या सेटिंगमध्ये आकार 16:9 ठेवावा आणि ओव्हरस्कॅन बंद करावा. कंपनीगणिक त्याचे नाव निराळे असते. एलजीच्या संचांवर "Just Scan", सॅमसंगच्या "Fit to Screen" किंवा जुन्यांवर "Screen Fit", तर सोनीच्या संचांवर "Display Area" मध्ये "Full Pixel" असे आढळते. बऱ्याच संचांत हे सेटिंग प्रत्येक जोडणीला वेगळे साठते, म्हणून सेट-टॉप बॉक्स ज्या जोडणीवर आहे तिच्यावर असतानाच ते बदलावे. रेघांचे चित्र पुन्हा लावले तेव्हा आमच्या संचावर सर्वांत बाहेरच्या रेघाही दिसल्या.

मात्र कडा कापण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते पहिल्याशी गल्लत करण्याजोगे आहे. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’सारखे जुने चित्रपट जवळजवळ ४:३ या आकाराचे आहेत. रुंद पडद्यावर ते नीट दाखवले तर चित्र १४४० बिंदू रुंद येते आणि दोन्ही बाजूंना २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या खटकतात म्हणून कोणी "Zoom" दाबतो. मग रुंदी भरते, पण उंचीचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. उभ्या माणसाचे कपाळ आणि पाय दोन्ही जातात. कोणी चित्र नुसते आडवे ताणतो. त्यात काही कापले जात नाही, पण माणसे बुटकी व रुंद दिसतात.

निदानाची सोपी खूण अशी : पडद्यावरील घड्याळ किंवा चाक पाहावे. ते अंड्यासारखे दिसले तर आकाराचे प्रमाण चुकले आहे. ते गोल असून पट्टी वा वाहिनीचे चिन्ह कापलेले असेल, तर ओव्हरस्कॅन किंवा "Zoom" चालू आहे. हे दोष संचात नसून सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही असू शकतात. म्हणून आधी बॉक्सवर 16:9 ठेवावे, मग संचाकडे वळावे. दोन्हीकडे मोठे केलेले चित्र दोनदा कापले जाते.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. काही जुन्या पद्धतीच्या वाहिन्या रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत बसवून पाठवतात. तेव्हा चारी बाजूंना काळे दिसते, आणि तिथे "Zoom" योग्यच ठरते, कारण कापला जातो तो फक्त काळा भाग. उलट वाहिनीनेच कापून पाठवलेले चित्र कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. शेजारच्या वेगळ्या संचावरही नेमके तेवढेच कापलेले दिसले, तर रिमोट खाली ठेवावा हे बरे.