उद्यम नोंदणी : उलाढाल आणि कामाचा प्रकार नीट कसा भरायचा?

बँकेत व्यवसायाच्या कर्जासाठी गेलं की हल्ली बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, "उद्यम आहे का?" संगमेश्वर तालुक्यात कोकम, फणस, काजू यांवर काम करणाऱ्या कितीतरी जणी कोणाकडून तरी ही नोंदणी करून घेतात. प्रमाणपत्र मिळतं, पण त्यात आपल्या नावावर नेमकं काय लिहिलंय हे कोणी बघत नाही. म्हणून या अंकात दोनच रकान्यांबद्दल बोलूया : वर्षाची उलाढाल आणि कामाचा प्रकार.

आधी थोडं मूळ. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. ती `udyamregistration.gov.in` या सरकारी संकेतस्थळावरच होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. भरून देणाऱ्याने त्याच्या कष्टाचे पैसे मागितले तर गोष्ट वेगळी, पण "सरकारी फी" म्हणून कोणी पैसे मागितले तर ते खोटं आहे. आधार आणि पॅन लागतं. कागद जोडावा लागत नाही, आपण सांगू ते खरं धरलं जातं. यालाच स्वयंघोषणा म्हणतात, आणि म्हणूनच सांगताना जपून सांगायचं. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर कायद्यात दंड आहे.

आपल्यात एक अडचण नेहमी येते. पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असतं. नाव जुळलं नाही की अर्ज पुढे सरकत नाही. आधी एक कागद दुरुस्त करून घ्या, मगच बसा. पॅनच नसेल तर बँकेमार्फत 'उद्यम असिस्ट' नावाची वेगळी सोय आहे, ती विचारा.

आता उलाढाल. समजा, देवरूखजवळच्या वाडीतली आपली एक ताई आहे. तिने आयकर विवरण कधी भरलेलं नाही. ज्यांनी भरलंय त्यांचे आकडे संगणक आयकर खात्याकडून आपोआप घेतो. ताईला मात्र स्वतः भरायचेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ती अर्ज भरतेय, म्हणजे हिशोब मागच्या आर्थिक वर्षाचा, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५.

ताईने वही काढली. कोकम सरबताच्या ४०० बाटल्या १४० रुपयांनी विकल्या, झाले ५६,००० रुपये. आमसूल ६० किलो, ५०० रुपयांनी, म्हणजे ३०,०००. पापड ९० किलो, ३०० रुपयांनी, म्हणजे २७,०००. शिवाय शेजारच्या गटाकडून कुळथाचं पीठ विकत आणून आपल्या स्टॉलवर विकलं, त्याचे आले २१,०००. सगळं मिळून १,३४,०००. हीच तिची उलाढाल.

इथे बऱ्याच जणी अडतात. साखर, बाटल्या, कोकम, गाडीभाडं जाऊन ताईच्या हातात ४६,००० उरले, म्हणून ती ४६,००० लिहायला निघते. तो नफा झाला. उलाढाल म्हणजे विक्रीची पूर्ण रक्कम, खर्च वजा न करता. उलट, त्याच वर्षी गटातून घेतलेलं ५०,००० चं कर्ज खात्यात दिसतं म्हणून तेही धरायचं नाही. कर्ज ही विक्री नव्हे. प्रदर्शनात नेलेल्या आणि न विकता परत आणलेल्या बाटल्याही धरायच्या नाहीत. मार्चमध्ये दुकानदाराला विकून दिलेला उधारीचा माल मात्र धरायचा, पैसे एप्रिलमध्ये आले तरी, कारण विक्री मार्चमध्येच झाली. आणि लोकांचा मसाला दळून देणारीने मसाल्याची किंमत नाही, फक्त दळणावळ धरायची.

अर्जात `Total Turnover` मध्ये ताईने `134000` टाकायचं. पूर्ण रुपयांत, लाखांत नाही. "१.३४" टाकलं तर संगणकाच्या लेखी तुमची वर्षाची विक्री एक रुपया चौतीस पैसे! पुढचा रकाना `Export Turnover`, म्हणजे परदेशी पाठवलेल्या मालाचा. आपल्याकडे बहुतेकींना तिथे `0`. मुंबईला पाठवलेला माल निर्यात होत नाही, हे लक्षात ठेवा.

आकडा फुगवावा असं काहींना वाटतं, कर्ज जास्त मिळेल म्हणून. माझं मत विचाराल तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बँक पासबुक आणि गटाची वही समोर ठेवून विचारते, आणि दोन आकडे जुळले नाहीत की अख्ख्या अर्जावर शंका येते. कमी आकड्याने आपलं काही बिघडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा उलाढालीला १० कोटी आणि यंत्रांना अडीच कोटी आहे, तेव्हा आपण सगळ्या सूक्ष्ममध्येच.

यंत्रांचा रकाना त्याच्या जवळच असतो. ताईचा ग्राइंडर ९,५००, पाकीट सील करायचं मशीन २,८००, वजनकाटा १,७००, एकूण १४,०००. किमती जीएसटी सोडून. घर, पडवी, जमीन, कपाट, टेबल यांची किंमत यात येत नाही.

आता कामाचा प्रकार. अर्ज आधी विचारतो, `Manufacturing` की `Services`, म्हणजे माल बनवता की सेवा देता. सेवेच्या पोटात पुन्हा `Trading`, म्हणजे आणून विकणं. घाईत "विकते ना, मग ट्रेडिंग" असं करून टाकतात आणि तिथेच नुकसान होतं. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही नोंदणी मिळते, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. माल बनवणारीला आणखी एक हक्क आहे. दुकानदाराने किंवा हॉटेलवाल्याने तिचा माल घेतला तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला तो कायद्याने बांधील आहे. मात्र माल देण्याआधी नोंदणी झालेली हवी. थकबाकी राहिल्यावर नोंदणी करून मागच्या बिलासाठी तो हक्क सांगता येत नाही. ताईची १,३४,००० पैकी १,१३,००० ची विक्री स्वतः बनवलेल्या मालाची आहे, म्हणून तिने `Manufacturing` निवडायचं.

मग कामाचा पाच आकडी क्रमांक निवडायचा. सरबतासाठी 10304, उन्हात वाळवलेल्या आमसुलासाठी 10301, पापडासाठी 10796. लोणचं करणाऱ्यांना 10306, मसाला दळणाऱ्यांना 10795, कपडे शिवून देणाऱ्यांना 14105. एकाच नोंदणीत अनेक कामं चालतात. प्रत्येक क्रमांक निवडल्यावर `Add Activity` दाबायचं, नाहीतर तो जात नाही. पापडासाठी वेगळी नोंदणी, सरबतासाठी वेगळी असं करू नका. एका उद्योगाला एकच.

शेवटी मोबाईल नंबर. भरून देणारा स्वतःचा टाकत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. पुढे काहीही बदलायचं तर ओटीपी त्याच नंबरवर जातो, आणि बदल दरवर्षी करायचा असतो. एप्रिलनंतर नवीन वर्षाचे आकडे `Update/Cancel Udyam Registration` मधून टाकावे लागतात. नाहीतर नोंदणी स्थगित होऊ शकते. ज्यांची जुनी नोंदणी झालीय त्यांनी प्रमाणपत्राची छापील प्रत काढून कामाचा प्रकार आणि मोबाईल नंबर तपासा. नंबर दुसऱ्याचा निघाला आणि तो माणूस हाती लागत नसेल तर आधार, पॅन आणि प्रमाणपत्र घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.