सेकंडहँड स्कूटरचा रास्त भाव : हिशेब कसा मांडायचा?

जुनी दुचाकी विकणारा बहुतेक वेळा दोन आकड्यांवर बोलतो : तेव्हा किती मोजले होते आणि शेजाऱ्याची तशीच गाडी कितीला गेली. दोन्हींतून आजचा भाव कळत नाही. तो काढायचा तर तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. वयावरून एक पायाभूत रक्कम धरायची, किलोमीटरवरून गाडीची कोणती कामं झालेली असायला हवीत ते पाहायचं आणि अवस्थेवरून मेकॅनिकचं बिल काढायचं. घोळ होतो तो एकच गोष्ट दोनदा वजा केल्यामुळे किंवा अजिबात वजा न केल्यामुळे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हातबदल होणाऱ्या गाड्यांपैकी एक घेऊन हा हिशेब करू. गाडी होंडा अ‍ॅक्टिवा सिक्स-जी, पुण्याचं पासिंग, जुलै २०२० ची नोंदणी, मीटरवर ३१ हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर. मालक ४८ हजार मागतो. गाडी साडेपाच वर्षांची आहे असं धरू. खाली दिलेले सुट्या भागांचे दर अंदाजी आहेत, गावागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

सुरुवात करायची ती आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून. मालकाने २०२० मध्ये टॅक्स, पाच वर्षांचा विमा, सीट कव्हर, गार्ड असं सगळं धरून ८० हजारांच्या घरात पैसे भरले असतील, पण ते त्या वेळचे झाले. तुमच्यासमोर पर्याय आहे तो आजच्या शोरूममधल्या गाडीचा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत साधारण पावणेआठ टक्क्यांनी उतरली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. कर कमी होण्याआधीच्या ओळखीतल्या व्यवहाराचा दाखला कोणी दिला, तर त्यातून हा फरक वजा करूनच बोला. आपल्या उदाहरणात आजची एक्स-शोरूम किंमत ७६ हजार धरू. तुम्ही मात्र जवळच्या शोरूमला फोन करून त्या दिवसाचा आकडा विचारा.

आता वय. विमा कंपन्या गाडीची विमा रक्कम ठरवताना घसाऱ्याचा एक तक्ता वापरतात. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के घट, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. पाच वर्षांपुढे रक्कम दोघांच्या संमतीने ठरते. तक्त्याच्या शेवटच्या पायरीने आपली गाडी ३८ हजारांची होते. मात्र हा तक्ता गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर भरपाई किती द्यायची यासाठी आहे. त्याला गाडी किती चालली आणि कशी ठेवली हे माहीत नसतं. गाडीसोबत राहिलेला रोड टॅक्सही त्यात येत नाही. महाराष्ट्रात दुचाकीचा टॅक्स नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो आणि उरलेल्या वर्षांचा फायदा नव्या मालकाला मिळतो. म्हणून मागणी असलेल्या स्कूटरचा बाजारभाव तक्त्याच्या थोडा वर राहतो, आणि ते योग्यच आहे.

माझा ठोकताळा असा : पहिल्या वर्षी किमतीचा पाचवा हिस्सा जातो, पुढे दर वर्षी उरलेल्या रकमेच्या आठ टक्के. ७६ हजारांचे पहिल्या वर्षाअखेर ६० हजार ८०० उरतात, पाचव्या वर्षाअखेर साडेत्रेचाळीस हजार आणि साडेपाच वर्षांना जवळपास ४२ हजार. फारशी मागणी नसलेल्या किंवा कंपनीने बंद केलेल्या मॉडेलला आठऐवजी दहा-बारा टक्के धरावे लागतात, कारण उद्या तुम्हालाही ती विकायची आहे. वय मोजताना आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग होते आणि विकताना एका वर्षाने तरुण म्हणून सांगितली जाते.

हे ४२ हजार कसल्या गाडीचे, हे नीट ठरवून घ्या : नेहमीइतकी चाललेली, वेळच्या वेळी कामं झालेली, टायर-बॅटरी निम्मी वापरलेली, कागदपत्रं क्लिअर. समोरची गाडी या वर्णनापेक्षा जेवढी कमी भरेल तेवढीच वजाबाकी करायची.

किलोमीटरला पुष्कळ जण प्रति किलोमीटर इतके पैसे असा दर लावतात. मला तो पटत नाही. शहरात घर-ऑफिस करणारी स्कूटर वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते, त्या मानाने साडेपाच वर्षांत ३१ हजार अगदी सामान्य आहेत. त्यासाठी वेगळं काही कापायचं कारण नाही. विचारायचं ते हे की ३१ हजारांपर्यंत जी कामं व्हायला हवी होती ती झाली का. स्कूटरचा ड्राइव्ह बेल्ट आणि रोलर साधारण २४-२५ हजारांना बदलावे लागतात. मागचा टायर बहुधा वीस-पंचवीस हजारांत संपतो. बॅटरी तीन-चार वर्षं टिकते. बिलं दाखवली तर प्रश्न मिटला. नसतील तर काम झालेलं नाही असं धरा. मात्र बेल्टचे पैसे कापले की पुन्हा ‘चाललीय जास्त’ म्हणून कापू नका, तो विक्रेत्यावर अन्याय होईल. डिलिव्हरीला वापरलेली, वर्षाला वीस हजार चाललेली गाडी मात्र वेगळी. तिथे इंजिनाचंच आयुष्य खर्ची पडलेलं असतं, म्हणून पायाभूत रकमेतूनच पंधरा-वीस टक्के कमी करायला हवेत.

मीटरवरचा आकडा खरा का, हे टायरवरून बऱ्यापैकी ताडता येतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. २३२० म्हणजे २०२० च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटर १४ हजार दाखवत असेल आणि दोन्ही टायर २०२३ चे असतील तर विचारा, इतक्यात टायर का बदलले? घासून गुळगुळीत झालेलं पायाखालचं रबर आणि तकाकी आलेल्या मुठीही १४ हजारांच्या गाडीच्या नसतात. गाडीची सर्व्हिस अधिकृत केंद्रात झाली असेल तर तिथे गाडीच्या नंबरवर जुन्या नोंदी मिळतात. मालकाला सोबत घेऊन जा आणि प्रत्येक तारखेचे किलोमीटर मीटरशी ताडून बघा.

अवस्था पाहायला सकाळी जा आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं कळवा. पोहोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन ती थंड असल्याची खात्री करा. थंड गाडी बटणावर दोन-तीन प्रयत्नांत चालू व्हायला हवी. मग मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीची विरळ पांढरी वाफ मिनिटभरात थांबते, ती पाण्याची असते. गाडी तापल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला की निळसर धूर आला आणि जळक्या तेलाचा वास सुटला तर इंजिन ऑइल पितंय. पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहेत आणि काम सहा ते नऊ हजारांचं आहे. पुढे बसून हँडल दाबा, सोडा, मग पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर ऑइल सील गळतंय. चक्कर मारताना गाडी उचलताना थरथरली तर क्लच शू, डाव्या बाजूने खडखड आली तर रोलर. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती कुठेतरी जोरात पडलेली असू शकते. आपला मेकॅनिक सोबत नेलात तर त्याचे तीन-चारशे रुपये वसूल होतात.

आपल्या अ‍ॅक्टिवात काय निघालं असं धरू? बेल्ट-रोलर मूळचेच, बदलायला अडीच हजार. मागचा टायर गुळगुळीत, सोळाशे. बॅटरी मरायला टेकलेली, तेराशे. फोर्कचं ऑइल सील गळतंय, नऊशे. सर्व्हिस राहिलेली, हजार. बेरीज ७ हजार ३०० होते, पण ही सगळी मालकाच्या माथी मारायची नाही. आपल्या ४२ हजारांच्या गाडीत टायर-बॅटरी निम्मी झिजलेलीच धरली होती. नवे घातल्यावर तुम्हाला त्याहून जास्त आयुष्य मिळणार आहे. म्हणून झिजणाऱ्या भागांचे ५ हजार ४०० निम्मे करायचे, म्हणजे २ हजार ७००. गळती आणि चुकलेली सर्व्हिस हा मात्र दोष आहे, त्याचे १ हजार ९०० पूर्ण. एकूण कपात ४ हजार ६०० आणि भाव ३७ हजार ४००.

शेवटी कागदपत्रं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे या गाडीचा तो जुलै २०२५ मध्ये संपला. पुढे काढलाच नसेल तर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाचे ७१४ रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे साडेआठशेच्या आसपास लागतात. तेही वजा केल्यावर ३६ हजार ५०० उरतात. गाडीवरचं ई-चलन विक्रेत्याने फेडायचं. कर्ज होतं का ते आरसीवर बघा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा. महाराष्ट्रात दुचाकीला त्याचे ४५० रुपये अधिक जीएसटी पडतात. गोव्याचं पासिंग असलेली गाडी स्वस्त मिळाली आणि महाराष्ट्रात वापरायची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी घेऊन आणि इथला टॅक्स भरूनही ती स्वस्त राहते का, हे आधी तपासा.

आपल्या गाडीचा रास्त भाव ३६ ते ३८ हजार. सुरुवात ३५ पासून करा आणि मेकॅनिकने लिहून दिलेली कामांची यादी मालकापुढे ठेवा. विक्रेता ४० च्या खाली येत नसेल तर त्यानेच टायर, बेल्ट आणि सील बदलून, बिलं देऊन गाडी द्यावी. तोही सौदा बरोबरच होतो.

हा हिशेब काही गाड्यांना लागू पडत नाही. पुरात बुडालेली, चेसिस वाकलेली किंवा आरसीवरच्या चेसिस-इंजिन नंबरशी न जुळणारी गाडी कितीही भाव पाडून मिळाली तरी घेऊ नये. पुराची गाडी ओळखायची तर सीटखालचा डबा उचकटून वायरिंगच्या सॉकेटमध्ये सुकलेला चिखल आहे का बघा. बारा वर्षांपुढच्या गाडीला टक्केवारी निरर्थक होते. तिथे नोंदणीची पंधरा वर्षं संपायला किती अवधी आहे आणि इंजिन किती धड आहे, एवढ्यावरच भाव ठरतो.

पैसे देताना थोडी रक्कम, निदान पाच हजार, आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवा आणि तसं कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याची सही त्याच दिवशी घ्या, आणि ट्रान्सफरचं सरकारी शुल्क व एजंटचा खर्च कोण करणार हेही भाव ठरण्याआधी बोलून घ्या.