तीन चलनांची फेरी: नफा कुठे दिसतो, कुठे विरतो?

प्रश्न: समजा, एका पडद्यावर तीन भाव दिसत आहेत: १ युरो म्हणजे १.१००० डॉलर, १ पौंड म्हणजे १.२८०० डॉलर आणि १ युरो म्हणजे ०.८५९२ पौंड. १० लाख डॉलर घेऊन तिन्ही चलनांतून फिरवले, तर परत येताना काही जास्त हाती पडेल का?

उत्तर: कागदावर पडेल. आधी पहिल्या दोन भावांवरून तिसरा किती असायला हवा ते काढा. १.१००० ला १.२८०० ने भागले की ०.८५९४ येतात, म्हणजे एका युरोला साधारण तितके पौंड पडायला हवेत. याला क्रॉस रेट म्हणतात. पडद्यावर मात्र ०.८५९२ आहेत, म्हणजेच पौंड देऊन युरो किंचित स्वस्त मिळतो. फेरीची दिशा इथेच ठरते: युरो पौंडांत घ्यायचा आणि डॉलरमध्ये विकायचा.

१० लाख डॉलरचे ७,८१,२५० पौंड होतात. त्यांचे ९,०९,२७६ युरो येतात आणि ते विकले की १०,००,२०४ डॉलर. नफा २०४ डॉलर. हाच त्रिकोणी आर्बिट्राज. उलट दिशेने गेलात, तर जवळपास तेवढेच पैसे जातील.

आता खरी अडचण. पडद्यावरचा एकच आकडा बहुधा खरेदी आणि विक्रीच्या भावांमधला मध्य असतो. प्रत्यक्षात आपण घेताना भाव थोडा चढा आणि विकताना थोडा उतरता मिळतो. प्रत्येक व्यवहारात हा फरक मध्यापासून फक्त ०.०००१ धरू. मग पौंड १.२८०१ ने घ्यावा लागेल, युरो ०.८५९३ ने, आणि युरो विकला जाईल १.०९९९ ने. शेवटी हाती राहतात ९,९९,९१८ डॉलर. २०४ चा नफा ८२ डॉलरच्या तोट्यात गेला. म्हणून संधी तपासताना मधला भाव बाजूला ठेवून त्या-त्या दिशेचा भाव घ्यावा. तिन्ही व्यवहारांच्या स्प्रेडनंतरही काही उरले, तरच ती संधी.

उरले तरी ते फार वेळ टिकत नाही. बँका आणि ट्रेडिंग फर्मची संगणकप्रणाली अशी तफावत क्षणात टिपते. पौंड देऊन युरो घेणारे वाढले की तोच भाव वर सरकतो आणि फट बुजते. तीन व्यवहारांपैकी दोन झाले आणि तिसऱ्याआधी भाव हलला, तर नको असलेले चलन हातात अडकून पडते.

पैसे बदलून देणाऱ्या दुकानात तर हा प्रयोग नकोच. तिथे खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर या फटीच्या कितीतरी पट मोठे असते, आणि ते फेरीत तीनदा मोजावे लागते.