सुधारणेच्या कागदावरचा आकडा

काकती-होनग्याच्या पट्ट्यात महामार्गाला लागून जी मशीन शॉप आणि फाउंड्र्या आहेत, त्यांसारख्या ठिकाणी ‘पीआयपी’ हा शब्द ऑफिसातून शॉपवर उतरला, की त्याचे रूप साधारण सारखेच असते. ‘तुमची कामगिरी समाधानकारक नाही, तीन महिन्यांत सुधारणा करावी’ असा छापील कागद निघतो, सही होते, फाइलला लागतो, आणि तीन महिन्यांनी त्याच कागदाच्या आधारावर माणूस घरी जातो. कागद कडक असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यातल्या पोकळपणाला. सुधारणा म्हणजे किती, हे बहुतेक कागदांत नसते. आणि जिथे आकडा असतो, तिथे तो पुष्कळदा त्या माणसाच्या हातातला नसतो. दुसरा दोष पहिल्याहून वाईट, कारण आकडा दिसला की सगळ्यांना वाटते, न्याय झाला.

एक उदाहरण घेऊ. बिडाच्या कास्टिंगला सीएनसी लेथवर बोअर काढणारा एक ऑपरेटर समजा. आठवड्याच्या सहा दिवसांत तो 1200 नग काढतो आणि त्यातले 48 रिजेक्ट होतात. त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीतले ऑपरेटर बरे चालले आहेत, म्हणून सुपरवायझर वैतागलेला. कागद लिहिण्याआधी ते 48 नग टेबलावर मांडून पाहावेत. समजा, 11 नगांत बोअर काढताना आत ब्लोहोल उघडा पडला. तो दोष फाउंड्रीतून आला. लेथवरचा माणूस कितीही शहाणा असला तरी तो टाळू शकत नाही. राहिले 37: बोअर मापाबाहेर गेलेले, म्हणजे झिजलेला इन्सर्ट वेळेवर बदलला नाही किंवा ऑफसेट चुकीचा दिला, आणि काही हाताळताना आपटलेले. हे त्याच्या हातातले. आता दुसऱ्या पाळीचाही हिशेब ब्लोहोल वगळूनच करायचा. तो 1200 नगांमागे निघाला 18. तुलना 48 शी नाही, 37 आणि 18 ची आहे.

हा फरक खरा की नशिबाचा? यासाठी संख्याशास्त्री बोलवायला नको. नगांच्या मानाने दोष थोडे असतात तेव्हा अपेक्षित आकड्याचे वर्गमूळ काढले की साधारण चढउतार कळतो. 18 चे वर्गमूळ चारच्या थोडे वर. त्याची तिप्पट 13. म्हणजे चांगला ऑपरेटरही एखाद्या आठवड्यात 31 पर्यंत जाऊ शकतो, पण 37 ला नुसते नशीब म्हणणे अवघड. तरी एका आठवड्यावर थांबू नये, चार आठवड्यांचा हिशेब घ्यावा. हाच हिशेब एका दिवसावर केला तर? 200 नगांमागे अपेक्षित दोष तीन, आणि आठपर्यंतचा आकडा सहज पडतो. म्हणून ‘काल तुझे सात गेले’ असे रोज सकाळी ऐकवणे म्हणजे पावसाळी हवेवर रागावण्यासारखे आहे. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग लाल-पांढऱ्या मण्यांचा एक प्रयोग करून दाखवत. खोक्यात लाल मणी मिसळलेलेच असतात, कामगार फळीने मणी काढतो, लाल कमी आले की शाबासकी, जास्त आले की दटावणी. कामगार मात्र काहीच वेगळे करत नसतो.

आता उद्दिष्ट लिहू, आणि इथेच हुशार माणसेही चुकतात. दुसऱ्या पाळीची सरासरी 18, म्हणून ‘आठवड्याला 18 च्या आत’ असे लिहिले, तर काम पूर्ण सुधारलेला माणूसही सुमारे निम्म्या आठवड्यांत नापास होईल. सरासरीचा अर्थच तो आहे. त्याऐवजी आठ आठवड्यांची मुदत द्यावी आणि निकाल शेवटच्या दोन आठवड्यांच्या एकत्र आकड्यावर लावावा. 2400 नगांत चांगल्या ऑपरेटरचे 36 जातात, वर्गमूळ 6, त्याची दुप्पट मिळवली की 48. उद्दिष्ट लिहावे: सातव्या-आठव्या आठवड्यात मिळून मशीनिंगचे रिजेक्शन 48 च्या वर नको. जुन्याच रीतीने चालणाऱ्याचे 74 च्या आसपास जातील, म्हणून तो नशिबाने सुटणार नाही. आणि खरोखर सुधारलेला क्वचितच अडकेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी 60 हा खुणेचा आकडा ठेवावा, निकालाचा नाही. वेगाचे उद्दिष्ट मात्र याच काळात वाढवू नये. नग वाढव आणि दोषही कमी कर, असे दोन्ही एकदम मागितले की माणूस गेज लावणेच सोडतो.

मदतीचा रकाना बहुतेक कागदांत ‘आवश्यक ते मार्गदर्शन दिले जाईल’ एवढ्यावर संपतो. या वाक्याला नाव नाही, तारीख नाही. वरच्या उदाहरणात मदत म्हणजे पहिले दोन आठवडे पाळीच्या सुरुवातीला अर्धा तास सेटर शेजारी उभा; तपासून आणलेला बोअर गेज; आणि किती नगांनंतर इन्सर्ट बदलायचा, ऑफसेट कसा द्यायचा, याचा तक्ता. हा तक्ता कोणत्या भाषेत? आमच्या भागात हा प्रश्न नुसता राजकारणाचा नाही. ऑपरेटर मराठी शाळेत शिकलेला, सूचना इंग्रजीत, सुपरवायझर कन्नडमध्ये समजावतो, आणि चूक झाली की ‘याला अक्कल नाही’. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने आदेश इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायला सांगितले होते. ज्या कागदावर एका माणसाची नोकरी टांगली आहे, तो त्या एका माणसाला वाचता यावा, ही अपेक्षा त्याहून मोठी नाही. आणि कागदात हेही लिहावे, की सेटर आला नाही किंवा गेज मिळाला नाही, तर तेवढे दिवस मुदत पुढे जाईल. हे वाक्य घातले की मदत वेळेवर येते, कारण उशिराची किंमत आता व्यवस्थापनाच्या अंगावर असते.

आढावा दर शनिवारी, वीस मिनिटे, तारखा पहिल्याच दिवशी छापलेल्या. रिजेक्ट झालेले नग समोर ठेवून बोलावे, आठवणीवरून नव्हे. ऑपरेटरचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवावे आणि प्रत त्याला द्यावी. आढावा दोनदा चुकला, तर योजना मेली असे खुशाल समजावे.

यावर छोट्या कारखानदाराचे म्हणणे असते: एवढा वेळ कुणाला आहे? दुसरा माणूस घेतो. घ्या, पण नव्यालाही तोच झिजलेला गेज आणि तोच न वाचता येणारा तक्ता मिळणार असेल, तर 37 चा आकडा खुर्ची बदलून तिथेच बसेल. दुसरी शंका अधिक वजनाची आहे: माणूस मुद्दाम दुर्लक्ष करत असेल तर? मग ही योजना त्याच्यासाठी नाहीच. नमुना स्थायी आदेशांत सवयीचा निष्काळजीपणा गैरवर्तनात मोजला आहे, आणि गैरवर्तनाला आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी असा वेगळा रस्ता आहे. जमत नाही आणि करत नाही, या दोन गोष्टी एका कागदात घातल्या की दोन्ही बिघडतात. सुधारणेचा कागद चौकशीची पळवाट म्हणून वापरला, तर तो कामगार न्यायालयात मालकाच्याच विरुद्ध बोलू लागतो.

शेवटचा रकाना आधीच भरलेला असावा. 48 च्या आत आले, तर योजना बंद झाल्याचे पत्र त्याच शनिवारी. 49 ते 60 असेल, तर एकदाच चार आठवड्यांची वाढ, तीही कोणत्या मदतीसह ते लिहून. त्याच्या वर गेले, तर आधी दुसऱ्या मशीनवर किंवा तपासणीच्या टेबलावर जागा आहे का ते पाहणे, आणि नसेल तर कायद्याप्रमाणे नोटीस व देणी. हे तिन्ही निकाल ऑपरेटरने पहिल्या दिवशी सही करण्याआधी वाचलेले असावेत.